x = 1.017 आला तेव्हा

मी पॉलिटेक्निकला थर्मल इंजिनिअरिंग शिकवते. परीक्षा जवळ आली की पोरं एमएसबीटीईच्या जुन्या पेपरांची मॉडेल आन्सर घेऊन बसतात, तेच सोडवलेलं गणित समोर ठेवायचं, आकडे बदलायचे आणि ओळीखाली ओळ उतरवत जायचं. त्याने हात बसतो, म्हणून मी त्यांना अडवत नाही. पण परवाच्या डाउट लेक्चरला जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

सोडवलेलं गणित साधं रँकिन सायकलचं होतं. टर्बाइनमध्ये वाफ 10 बार, 300 अंशाला येते आणि 1 बारला बाहेर पडते. पद्धत सगळ्यांना पाठ, आत येणाऱ्या वाफेची एन्ट्रॉपी s1 सुपरहीट टेबलमधून 7.1229 घ्यायची, आयसेंट्रॉपिक म्हणून बाहेरही तीच, मग 1 बारच्या ओळीतून sf 1.3026 आणि sfg 6.0568 घ्यायचे आणि

x = (s1 − sf) / sfg

ड्रायनेस फ्रॅक्शन 0.961 येतो, मग h2 = hf + x·hfg केलं की झालं.

मी दिलेल्या गणितात फक्त 300 च्या जागी 400 केले होते. s1 झाला 7.4651, आणि बॅचमध्ये जवळपास सगळ्यांचा x आला 1.017. बहुतेकांनी तो तसाच पुढे नेला, काहींना तो खटकला म्हणून त्यांनी "1 पेक्षा जास्त येत नाही ना मॅडम" म्हणत सरळ 1 करून टाकला. मूळ गणितात वाफ ओली होती म्हणून तिथे x काढला होता, इथे 1 बारला sg 7.3594 आहे आणि आपला s1 त्याच्या वर, म्हणजे बाहेर पडणारी वाफ अजून सुपरहीटेडच आहे, तिला ड्रायनेस फ्रॅक्शन नसतोच. 1 बारच्या सुपरहीट टेबलमध्ये 100 आणि 150 अंशांच्या मधे इंटरपोलेशन केलं की तापमान सुमारे 120 अंश आणि h2 2717 मिळतो.

मी हे फळ्यावर केलं आणि मागच्या बेंचवरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझा 1.017 वाला h2 2715 आलाय, फरक फक्त दोन-अडीचचा, मग चुकलं कुठे?" प्रश्न इतका छान होता की उरलेलं लेक्चर त्यावरच गेलं.

जुळतं कारण ठरावीक प्रेशरला dh = T·ds. ओल्या भागात तापमान 99.6 अंशाला अडकलेलं असतं म्हणून मॉलियर चार्टवर प्रेशरची रेघ सरळ जाते, सॅच्युरेशनच्या पुढे तापमान वाढतं तशी ती हळूहळू वर वळते. x 1 च्या पुढे नेणं म्हणजे तीच सरळ रेघ पुढे ओढणं, त्यामुळे सॅच्युरेशनच्या जवळ फरक कळतच नाही. आणि x कापून 1 करणाऱ्यांचा h2 2675.5 झाला, म्हणजे टर्बाइनचं काम 546 च्या जागी 588! सावध राहिलेली पोरंच जास्त लांब गेली.

मग तिलाच मी 600 अंश घेऊन करायला सांगितलं. x आला 1.11, त्यावरून h2 2925, आणि टेबलवरून खरा 2972, म्हणजे 47 किलोज्यूलचा फरक. एफिशियन्सी 22.1 टक्क्यांच्या जागी 23.5 टक्के दिसायला लागली. ती म्हणाली, "म्हणजे आधी जुळलं ते 400 होतं म्हणून." बरोबर.

आता पोरं x च्या आधी एक ओळ लिहितात, s1 आणि sg ची तुलना. मॉडेल आन्सरमध्ये ती ओळ नसते कारण तिथे वाफ ओलीच निघते, ते उत्तर बरोबरच असतं, पण ते त्या आकड्यांपुरतं.

त्याच बॅचने लगेच ही ओळसुद्धा कुठेही चिकटवायला सुरुवात केली, म्हणून शेवटी अजून एक दिलं. 10 बार, 350 अंश, टर्बाइनची आयसेंट्रॉपिक एफिशियन्सी 85 टक्के. s1 7.3011, sg पेक्षा कमी, म्हणून सगळ्यांनी "ओली वाफ" लिहिलं, x 0.99, आदर्श h2 2654. इथपर्यंत ठीकच. पण खरा ड्रॉप 504 च्या 85 टक्के, म्हणजे 428, त्यामुळे खरा h2 2729 येतो आणि 1 बारला hg 2675.5 आहे. म्हणजे प्रत्यक्षात वाफ सुपरहीटेडच, सुमारे 126 अंशाला. आदर्श बिंदू s वरून ठरतो, पण खरा बिंदू h2 आणि hg ची तुलना करून, आणि खऱ्या बिंदूला विचारलेलं तापमान 99.6 लिहिलं की त्या ओळीचे मार्क गेले.