आकडे बदलून नवी वर्कशीट बनवणं आणि ६-१० चा ताप (माझा अनुभव)

शाळेची वर्कशीट एकदा सोडवून झाली की दुसऱ्यांदा तिचा काही उपयोग राहत नाही. आमच्या पोरीला तर उत्तरंच पाठ होतात, मी प्रश्न वाचायच्या आत "दोन पूर्णांक सात छेद बारा" म्हणून मोकळी. म्हणून वर्कशीटचा फोटो समोर ठेवून तशीच नवी गणितं आकडे बदलून बनवायची आणि सोबत उत्तरसूची, असं ठरवलं. बेरजा, गुणाकार पटापट झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या वजाबाकीला. फोटोत होतं ७ १/६ − ३ ५/८. आता हे गणित नक्की कशामुळे अवघड आहे ते आधी कागदावर लिहून काढा, माझा सगळ्यात मोठा सल्ला हाच. इथे तीन गोष्टी आहेत. ६ आणि ८ चा लसावि २४, म्हणजे नुसता ६ गुणिले ८ करून ४८ घेतला तर उगाच मोठे आकडे. मग ४/२४ मधून १५/२४ जात नाहीत, म्हणून ७ मधला एक उसना घ्यायचा, ६ २८/२४ करायचे. आणि उत्तर येतं ३ १३/२४, ते अजून लहान होत नाही, तिथेच काम संपतं. नव्या गणितात ह्या तिन्ही गोष्टी हव्यात. नुसते आकडे बदलून ७ ५/६ − ३ ३/८ केलं तर उसना घ्यायची पायरीच गेली, मुलाला वाटतं आपल्याला जमलं, पण ते सोपंच गणित होतं.

मी छेद ६ आणि १० घेतले. लसावि ३०, गुणाकारापेक्षा लहान, अगदी बरोबर जोडी वाटते. ८ १/६ − ३ ७/१० घ्या: ७ ३५/३० वजा ३ २१/३०, उत्तर ४ १४/३०, म्हणजे ४ ७/१५. शेवटी दोनाने भाग द्यायची एक जादा पायरी आली, जी मूळ गणितात नाहीच! वरचे अंश बदलून बघितले, ६ १/६ − २ ९/१० केलं, तर ३ ८/३० म्हणजे ३ ४/१५. परत तेच. काहीही घाला, उत्तराला दोनाने भाग जाणारच, आणि माझी चिडचिड अशी की हे असं का होतंय ते कोणी कुठे सांगत नाही, सगळे आपले "आकडे बदला" म्हणून मोकळे.

कारण शेवटी छेदांचे अवयव पाडल्यावर दिसलं. ६ मध्ये २ एकदाच, १० मध्येही २ एकदाच. लसावि ३० करताना ६ वाल्याचा अंश ५ ने गुणला जातो, १० वाल्याचा ३ ने, दोन्ही विषम. मूळ अंशही विषमच असणार, सम असते तर तो अपूर्णांक आधीच संक्षिप्त झाला असता. विषममधून विषम गेला की सम उरतो, वर उसना घेतलेला ३० पण सम, म्हणजे सुटकाच नाही. याउलट ६ मध्ये २ एकदा आणि ८ मध्ये तीनदा. तिथे एका बाजूला ४ ने गुणायचं, दुसऱ्या बाजूला ३ ने, म्हणून सम-विषम अशी जोडी पडते आणि फरक विषम येतो. ३ नेही भाग जात नाही, कारण ३ फक्त ६ मध्येच आहे, ८ मध्ये नाही. म्हणून ६-८ ला कधीच संक्षेप होत नाही. तर ६-८ ची खरी जुळी बहीण ८-१२ किंवा ४-६, ६-१० नाही. मी शेवटी दिलं ते ९ ३/८ − ४ ७/१२. लसावि २४, ९/२४ मधून १४/२४ जात नाहीत, म्हणून ८ ३३/२४ वजा ४ १४/२४, उत्तर ४ १९/२४. तिन्ही गोष्टी जागेवर. हे सुटलं तेव्हा पोरीपेक्षा मीच जास्त खूष होते.

अर्थात मूळ गणितात संक्षेप असेल तर उलट ६-१० च घ्या, हमखास येतो.

हो, एक राहिलंच, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. फोटोतून फोनने अक्षरं उचलून घेणार असाल तर पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यातली जागा नीट बघा, ५ १/४ चं बिनदिक्कत ५१/४ होतं. ५ १/४ − २ २/३ चं उत्तर २ ७/१२ यायला हवं, आणि इथे एकदम दहाच्या वर आलं की समजायचं ५ १/४ मधली जागा खाल्ली गेली. मी तर अपूर्णांक हातानेच उतरवते.

उत्तरसूचीत नुसतं शेवटचं उत्तर लिहू नका, उसना घेतल्यानंतरची ओळ पण लिहा (८ ३३/२४ वाली), म्हणजे पोरगी नक्की कुठे घसरली ते लगेच कळतं. आणि प्रत्येक उत्तर उलटं बेरीज करून तपासा, ४ १९/२४ मध्ये ४ ७/१२ मिळवले की ९ ३/८ परत यायलाच हवेत. सूची वेगळ्या कागदावर ठेवा, त्याच पानामागे छापली तर उजेडात आरपार दिसते आणि पोरं ते बरोबर हेरतात.