नेपाळच्या बाजारात दहा आण्यांचा हिशेब

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची आम्ही मंडळी गोरखपूरमार्गे सुनौलीची सीमा ओलांडून नेपाळात शिरलो आणि बसमध्ये एकच चर्चा सुरू झाली: इथला भाव आपल्या रुपयांत चटकन कसा काढायचा? दर सगळ्यांना माहीत होता. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, आणि १९९३ पासून तो तसाच बांधलेला आहे. पण दुकानदार समोर उभा असताना ४,८०० ला १.६ ने कोण भागणार? काहीजण सरळ निम्मे धरत होते, काहीजण दीडने भागत होते.

निपाणीच्या आक्का ऐंशीला टेकलेल्या. वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत बसून त्या लहानपणी आण्यांचा हिशेब शिकल्या, पावकी-निमकी आजही तोंडपाठ. त्या म्हणाल्या, "अगं, सोळाला दहा ना? मग इथला रुपया म्हणजे आपले दहा आणे की! आठ आणे आणि दोन आणे."

मला ते ऐकून फार आनंद झाला, कारण सगळं गणित त्यातच आलं. रुपयाचे सोळा आणे. आठ आणे म्हणजे निम्मे, आणि दोन आणे म्हणजे त्या निम्म्याचा पाव. म्हणून नेपाळी किमतीचं निम्मं करायचं, त्या निम्म्याचा पाव काढायचा आणि दोन्हींची बेरीज करायची. भागाकार कुठेच नाही. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे मागे पडले, तरी आमच्याकडची जुनी माणसं अजून त्यातच विचार करतात. आक्कांना तर आकडेमोड करावीच लागत नव्हती.

काठमांडूच्या असनच्या बाजारात याची खरी परीक्षा झाली. एका शालीचा भाव ४,८०० सांगितला. निम्मे २,४००, त्याचा पाव ६००, म्हणजे आपले ३,०००. आमच्यातल्या एकीने नुसतं निम्मं धरलं होतं. तिच्या मते शाल २,४०० ची, म्हणून ती लगेच पैसे काढायला निघाली. नुसतं निम्मं धरलं की किंमत खऱ्यापेक्षा २० टक्के कमी दिसते आणि प्रत्येक वस्तू स्वस्त वाटू लागते. दीडने भागलं तर उलटं होतं: ३,२०० येतात. थोडे जास्तच धरले जातात, त्यामुळे नुकसान नाही, पण घासाघीस करताना आपला आकडा डळमळतो. शेवटी शाल ३,६०० वर आली. निम्मे १,८००, पाव ४५०, एकूण २,२५०. प्रत्येक नव्या बोलीला आक्का उत्तर तयार ठेवत होत्या, दुकानदाराने पुढचा शब्द उच्चारायच्या आत. मोबाईलने पैसे देता येतात हे खरं, पण तिथे रक्कम दिसते तोवर भाव ठरून गेलेला असतो. हिशेब हवा असतो तो बोलणी चालू असताना.

आकडा अडनिडा असेल तर पावाची पायरी सैल सोडावी. १,३५० चं निम्मं ६७५. त्याचा पाव साधारण १७०. एकूण ८४५. नेमकं उत्तर ८४३ रुपये ७५ पैसे आहे. एवढ्या फरकासाठी बाजारात थांबू नये.

खरा धोका गणिताच्या आधीच असतो. तिथले दुकानदार भारतीय गिऱ्हाईक ओळखतात आणि कधी 'आयसी' म्हणजे भारतीय चलनात, तर कधी 'एनसी' म्हणजे नेपाळी चलनात भाव सांगतात. नुसतं "हजार" ऐकून आपण दहा आण्यांचा हिशेब लावला तर ६२५ येतात आणि दुकानदाराच्या मनात मात्र पूर्ण हजार भारतीय असतात. म्हणून पहिला प्रश्न हाच: "आयसी की एनसी?" सीमेजवळच्या दुकानांत तर हा प्रश्न विचारल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नये.

भाव आयसीत असेल आणि खिशात नेपाळी नोटा असतील, तर उलटं करायचं. इथे दिडकी कामाला येते. ५०० ची दीडपट ७५०, वर मूळ रकमेचा दहावा हिस्सा ५०, झाले ८००. हजाराचे दीड हजार आणि वर शंभर, म्हणजे १,६००.

हे दहा आणे नेपाळपुरतेच, कारण दर बांधलेला आहे. थायलंडच्या बाटचा भाव रोज हलतो. तिथे निघण्याच्या दिवशीचा दर बघून अडीचकी जवळची आहे की वर थोडी भर घालावी लागते, हे आधी ठरवावं लागतं.

परतताना उरलेल्या नेपाळी नोटा सुनौलीला मोडायच्या असतील तर रांगेत उभं राहण्याआधीच आकडा काढून ठेवा. २,४०० चे पूर्ण दराने १,५०० होतात. हातात त्याहून कमी पडले, तर तो फरक बदलून देणाऱ्याची कटौती असते, आणि ती किती हे पैसे देण्यापूर्वी विचारता येतं.