फुल्ल चार्ज राहणाऱ्या फोनची बॅटरी

मे महिन्यातली गोष्ट. अमळनेरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी शटर उघडून बसलो आणि दोघं भाऊ आले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे दोन फोन घेतले होते. थोरल्याचा फोन ३४ टक्के दाखवत असतानाच बंद पडायचा. चार्जर लावला की लगेच सुरू, आणि आकडा पुन्हा तिशीच्या आसपास. धाकट्याचा फोन मात्र ठणठणीत.

थोरल्या भाऊंचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. ते काकुळतीला येऊन म्हणाले, "मना फोन ते नेहमी फुल्ल ऱ्हास. मंग हाऊच कसा मरना?"

प्रश्न अगदी रास्त होता. धाकटे भाऊ शाळेत शिक्षक. त्यांचा फोन दिवसभर हातात असतो आणि संध्याकाळपर्यंत वीसवर उतरतो. घरी आले की ते चार्जिंगला लावतात आणि ऐंशी-पंच्याऐंशी झालं की काढतात. थोरल्यांचा फोन गल्ल्याशेजारी स्टँडवर उभा असतो, कारण गिऱ्हाइकाचे पैसे आल्याचा आवाज त्यातून येतो. चार्जर कायम लावलेला. म्हणजे बॅटरी ज्याने जास्त वापरली त्याची टिकली, आणि ज्याने जवळजवळ वापरलीच नाही त्याची गेली. पंधरा वर्षांच्या धंद्यात अशी जोडी एकत्र समोर आली नव्हती. मी म्हटलं, दोन्ही फोन आजचा दिवस माझ्याकडे ठेवा.

दोन्ही फोनची पाठ उघडली. थोरल्यांची बॅटरी आडवी धरून पाहिली तर मधोमध किंचित फुगलेली होती. वरून स्टीलची पट्टी ठेवली तर ती डुगडुगत होती. अशा बॅटरीला धातूचं टोक लावायचं नाही. पाठीमागच्या गोंदात स्पिरिट सोडून, प्लॅस्टिकच्या पत्तीने हळूहळू सोडवायची. पाऊच फाटलं तर आतल्या द्रवाचा गोडसर वास येतो आणि आग लागायला वेळ लागत नाही, म्हणून वाळूची बादली माझ्या टेबलाखाली कायम असते.

आधी बंद पडण्याचं कारण पाहिलं. भार नसताना दोन्ही बॅटऱ्यांवर मीटर ३.८० व्होल्ट दाखवत होता. मग दोन अँपिअरचा भार लावला. कॅमेरा चालू असताना फोन आला, त्यात रेंज कमी असली, की फोन क्षणभर एवढा करंट ओढू शकतो. धाकट्यांची बॅटरी ३.६१ वर आली आणि तिथेच थांबली. थोरल्यांची सरळ ३.३१ वर कोसळली. इतक्या खाली व्होल्टेज गेलं की फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. भार काढल्यावर आकडा परत वर चढला. म्हणून चार्ज शिल्लक असूनही फोन बंद पडत होता. चार्ज आत होता, पण बाहेर यायची वाट चोंदली होती.

मग दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरल्या आणि साडेअकराला अर्ध्या अँपिअरच्या भारावर उतरवायला लावल्या. दोन्हींवर ४००० एमएएच छापलेलं आहे, म्हणजे नवी असती तर आठ तास चालली असती.

मधल्या वेळात धाकट्या भाऊंना आत काय चालतं ते समजावलं. बॅटरीत दोन लांब पट्ट्या असतात: तांब्याच्या पट्टीवर ग्राफाइटचा लेप, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लिथियम आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचा. मध्ये बारीक छिद्रांचा पडदा आणि सगळीकडे भिनलेला द्रव. चार्जर लिथियमचे आयन कोबाल्टच्या बाजूने ओढून काढतो आणि ग्राफाइटमध्ये नेऊन घालतो. ग्राफाइट वहीच्या पानांसारखं थराथराचं असतं, आणि ते पूर्ण भरलं की सहा कार्बनमागे एक लिथियम जाऊन बसतो. गच्चीवरच्या टाकीत मोटरने पाणी चढवावं तसं हे काम आहे. लिथियमला परत कोबाल्टकडे जायचं असतं. आयन द्रवातून जातो, पण इलेक्ट्रॉनला तो रस्ता बंद असतो. त्याला फोनच्या सर्किटमधूनच वळसा घालून यावं लागतं, आणि तोच आपला करंट.

आता बिघाड कुठे होतो? लिथियमने भरलेलं ग्राफाइट त्या द्रवाशी स्वस्थ राहू शकत नाही. पहिल्याच चार्जिंगला त्याच्यावर दुधावर धरावी तशी पातळ साय धरते. ती हवीच, कारण तीच पुढची झीज आवरते. पण ती पूर्ण थांबत नाही, वर्षानुवर्षं जाड होत जाते. साय बनताना लिथियम तिच्यात अडकतो आणि कायमचा बाद होतो, म्हणून बॅटरीत मावणारा चार्ज घटतो. साय जाड झाली की आयनांना तिच्यातून जायला जोर लागतो, म्हणून भाराखाली व्होल्टेज पडतं. बॅटरी जितकी भरलेली आणि जितकी गरम, तितकी ही क्रिया जोरात चालते. पूर्ण चार्जला कोबाल्टची बाजूही द्रवाला सडवते, आणि त्यातून वायू सुटून पाऊच फुगतं. फोन वापरा नाहीतर तसाच ठेवा, हे चालूच राहतं.

चार्ज-डिस्चार्जनेही झीज होतेच. ग्राफाइट फुगतं, आकसतं, सायीला तडे जातात आणि तिथे नवी साय धरते. धाकट्यांच्या बॅटरीचे असे सहाशेच्या वर फेरे सहज झाले असणार. पण दर वेळी काठोकाठ भरायची नाही आणि तापू द्यायची नाही, या दोन गोष्टींनी तिला सांभाळलं होतं.

दुपारी दोनला भार तसाच चालू ठेवून मी थोरल्यांच्या दुकानावर गेलो. वर पत्र्याचं छत, बाहेर लू. स्टँडवर तात्पुरता वहिनींचा फोन उभा होता, चार्जर लावलेला, आकडा शंभरवर. तापमापक त्याच्या पाठीवर धरला तर ४९. आतली बॅटरी त्याहून थंड असायचं काही कारण नव्हतं. थोरल्यांचा फोन दोन उन्हाळे इथेच होता: काठोकाठ भरलेला आणि तव्यावर ठेवल्यासारखा. मी भाऊंना तो आकडा दाखवला. त्यांनी काही न बोलता चार्जर काढला.

पावणेपाचच्या आधीच थोरल्यांची बॅटरी संपली. ५ तास १० मिनिटं, म्हणजे जेमतेम २६०० एमएएच. धाकट्यांची सव्वासहाच्या पुढे गेली: ६ तास ५० मिनिटं, ३४०० च्या थोडं वर.

थोरल्यांना नवी बॅटरी बसवली. ती डब्यातून काढली तेव्हा अर्धीच भरलेली होती. बॅटरी बराच काळ पडून राहणार असेल तर ती अशी अर्धवट भरून ठेवतात, हे त्यांना दाखवलं. त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये ऐंशीला चार्जिंग थांबवायची सोय होती, ती सुरू करून दिली. पार शून्यावरही नेऊ नका, असं बजावलं. एका गोष्टीचा मात्र भरवसा दिला नाही. ऐंशीवर थांबवलं तरी ४९ अंशात ठेवलेली बॅटरी लवकर जाणारच, कारण उष्णतेवर सेटिंगमध्ये उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडून जाताना पाहिलं. स्टँड गल्ल्यावरून हलवून मागच्या कोनाड्यात, माठाशेजारच्या विटांच्या भिंतीला ठेवला होता. पैसे आल्याचा आवाज तिथूनही रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.