नुसतं 'नमस्कार'

मंगळवार, रात्री साडेदहा

उद्या आमच्या कस्टमर केअर टीममध्ये चार नवी मुलं-मुली येतायत. त्यांच्यासाठी पत्र लिहायला बसलोय. विषय एकच, कोरे मेसेज आणि नुसतं 'नमस्कार'. तिकीट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची नोंद, बंद करायची घाई पहिल्या दिवशी इथेच होते.

सुरुवात माझ्याच चुकीने केली. मी वॉटर प्युरिफायरच्या तक्रारी बघायचो तेव्हा एक कोरा मेल आला. 'मजकूर नाही' असा शेरा मारून तिकीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच मेल, तोही बंद. तिसऱ्या दिवशी एका काकांचा फोन, "दोनदा फोटो पाठवला. ओट्याखाली तळं झालंय, तुम्ही झोपलात का?" मूळ मेल उघडून पाहिला. त्यात एक अक्षर नव्हतं, पण `Content-Type: image/jpeg` अशी ओळ होती. फोटो मेलमध्येच चिकटवलेला, आणि आमचं सॉफ्टवेअर फक्त अक्षरं दाखवत होतं.

म्हणून पत्रात लिहिलं: मूळ मेल बघितल्याशिवाय कोरा म्हणू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरही आपल्या पॅनलला न पेलणारं काही आलं की त्या जागी `unsupported` दिसतं, आणि समोरच्याला वाटतं, पोचलं. "तुम्ही काही लिहिलं नाहीत" असं कळवू नका. "तुम्ही पाठवलेलं आमच्याकडे दिसत नाहीये, पुन्हा पाठवाल का?" असं विचारा.

आता 'नमस्कार'. निम्म्या लोकांना फक्त "बोला" ऐकायचं असतं, मग ते सांगणार. काहींनी तर तेही टाइप केलेलं नसतं. वेबसाइटवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बटणाच्या लिंकमध्ये `?text=Hi` असेल, तर 'Hi' आधीच लिहिलेलं येतं, माणूस फक्त पाठवतो. त्याला "मी आपली काय मदत करू शकते?" विचारलं, की सगळी कहाणी लिहायची वेळ येते आणि तो गप्प बसतो. आधी नंबरवरून नोंद बघा. सर्व्हिस ठरलेली असेल तर लिहा, "नमस्कार, सर्व्हिसच्या तारखेबद्दल आहे का?" त्याला नुसतं 'हो' म्हणता येतं. पत्ता, रक्कम मात्र लिहू नका. फोन कुणाच्या हातात आहे, ते आपल्याला माहीत नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच आपल्याला मनासारखं लिहिता येतं. पुढे फक्त मंजूर झालेला ठरावीक मेसेज जातो. म्हणून उत्तर आलं नाही, तर ती वेळ संपायच्या आत एकदाच आठवण द्या, आणि तिकीट 'पेंडिंग' ठेवा, 'सॉल्व्ह्ड' नको. (आकडे वाईट दिसतील. माझं मी बघतो.)

इथवर लिहिलं आणि पॅनलवर एका आजींचा गुलाबाचा फोटो आला, 'शुभ रात्री'. नोंद पाहिली. फिल्टर आज बदलायचा होता, कुणी गेलेलंच नाही.