‘राहिलो’, ‘लालो’ आणि माउली

आळंदीहून निघताना सगळे एकमेकांना ‘माउली’च म्हणतात. पाणी द्या माउली, सरका माउली, पाय लागला माउली. या हाकेत गाव नसतं, जात नसते, वयही नसतं. दिवे घाट चढून सासवडला दोन-तीन पंगती एकत्र उठल्या, की मग मामा, काकू, मावशी सुरू होतात. आणि चेष्टाही तिथूनच सुरू होते, कारण मामाला गाव असतं आणि गावाला बोली असते.

आमची दिंडी पिंपरी-चिंचवडची. कामधंद्यासाठी तिथं आलेल्या माणसांनी उभी केलेली, त्यामुळे अर्धा महाराष्ट्र एकाच पालाखाली झोपतो. मी सातारचा. माझ्या एका बाजूला लातूरचे मामा, पलीकडं कोल्हापूरच्या मावशी, आणि स्वयंपाकाच्या ट्रकवर अकोल्याच्या काकूंचं राज्य.

पहिला बळी क्रियापदाचा जातो. वाढायला उशीर झाला म्हणून कोणी हाक मारली, की काकू आतून सांगायच्या, “भाकर करून राहिली ना बापा!” आमच्या कानाला ‘करून राहिली’ म्हणजे करून झाली आणि आता नुसती बसली. त्यामुळे कोणीतरी लगेच म्हणणार, “काकू, करून राहिलाय तर वाढा की!” लातूरच्या मामांचं दुसरंच. ते ‘येऊलालो’, ‘जेवूलालो’ म्हणतात. अर्थ तोच, येतोय, जेवतोय. पण काकूंना त्यातला ‘लालो’ तेवढा ऐकू यायचा. “मामा, तुमचा लालो सरेपर्यंत वरण सरते जी!” दोघंही एकच काळ बोलतात, काम चालू असल्याचा. एकानं त्यासाठी ‘राहणं’ जोडलंय, दुसऱ्यानं शेपूट वेगळं लावलंय. चेष्टा नेहमी अशीच धरते. जो शब्द अजिबात कळत नाही त्याला कोणी हसत नाही. जो आपल्याकडंही आहे, पण भलत्याच कामाला लावलेला दिसतो, त्याला हसतात.

याचा कळस लोणंदला झाला. नीरास्नान होऊन पालखी सातारा जिल्ह्यात आली, म्हणून आमचा माण तालुक्यातला पोरगा भलताच खुशीत होता. काकूंनी त्याला बाजारात पिटाळलं, “येताना सांबार आनजो, चांगला हिरवा पाहून.” गर्दीत त्याला ‘हिरवा’ ऐकूच आलं नाही. तासाभरानं आला तो सांबार मसाल्याची चार पाकिटं घेऊन. काकूंनी कपाळाला हात लावला. “हे काय आनलं बापा?”

“आवं काकू, तुम्हीच म्हणालासा की सांबार!”

विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नागपूरकडची सांबारवडी म्हणजे कोथिंबीर भरून तळलेलीच वडी. हे सगळं पोराला तिथं चुलीपुढं उभं करून समजावण्यात आलं, आणि तो गप्प ऐकत होता. काकूंना वाटलं, वरमला. पुढच्या क्षणी त्या म्हणाल्या, “जाऊ दे, तो गंज घासून आन.” त्यांच्याकडं गंज म्हणजे मोठं पातेलं. पोरगा पातेल्याकडं बघत म्हणाला, “काकू, गंज घासल्यावर शिल्लक काय ऱ्हातंय?” ट्रकापाशी जेवढी माणसं होती तेवढी हसली, आणि सगळ्यांत जास्त काकू हसल्या. रात्रीच्या वरणात मसालाही पडला आणि कोथिंबीरही. मामांनी जाहीर केलं, आज दोन्ही सांबार आहेत.

मावशींच्या वाटेला जायची हिंमत कोणाची नव्हती, ती नातेपुत्यापर्यंत काकूंनी केली. कोल्हापूरकडच्या कितीतरी बाया स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. डोक्यावर तुळस घेऊन चालता चालता मावशी म्हणाल्या, “चष्मा ट्रकात विसरून आलो बघ.” काकूंनी संधी साधली. “आलो म्हन्ते! मावशी हाये का मावसा?” मावशी चालायच्या थांबल्या नाहीत, मानही वळवली नाही, डोक्यावर तुळस होती ना. म्हणाल्या, “ज्ञानोबा बाप्या असून माउली चालतोय. मग मी बाई असून ‘आलो’ म्हटलं तर तुझं काय जातंय गं?” टाळकऱ्यांनी टाळ वाजवून पसंती दिली. मला तो युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

पण एकदा गाडी घसरली, तेही सांगायला हवं. नांदेडचा एक तरुण होता, चाकणला कंपनीत कामाला, पहिल्यांदाच आलेला. त्याच्या बोलण्यात ‘ण’ नाही. ‘पानी’, ‘आनि’, ‘कोन’. पुण्याच्या एका गृहस्थांनी हरिपाठ संपल्यावर त्याला सगळ्यांसमोर थांबवलं आणि म्हणून घेतलं, “पाणी. ण, ण. जीभ वर लाव.” दोघं-तिघं हसले. गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. पण दुसऱ्या दिवशी तो पोरगा ‘मी येत आहे’, ‘मला नको आहे’ असं पुस्तकातल्यासारखं बोलायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत बोलायचाच थांबला.

मला तेव्हा फरक दिसला. काकूंना चिडवलं की त्या ‘राहिली’ दुप्पट ठसक्यात म्हणायच्या. मामा मुद्दाम ‘लालो’ ताणायचे. ज्याची चेष्टा होते त्यानं आपली बोली आणखी फुगवून परत फेकली, तर ती चेष्टा आहे. त्यानं ती गुंडाळून ठेवली, तर त्याला लागलंय. काकूंनी ‘राहिली’ कधी दुरुस्त करावं असं कोणाला वाटलं नव्हतं. या पोराला मात्र दुरुस्त केलं होतं. शिवाय मामा, काकू, मावशी उलट बोलू शकत होते. हा वयानं लहान, नवखा, आणि समोर पांढऱ्या केसांचा माणूस. तो परतफेड करणार कशी?

परतफेड आमच्या विणेकरीबाबांनी केली. गृहस्थांच्या शेजारी बसून, अगदी सहज आवाजात ते म्हणाले, “माउली, ‘ज्ञानोबा तुकाराम’ म्हणायला ण लागत नाही.” एवढंच. गृहस्थ क्षणभर थांबले, मग उठले आणि पोराला पालाबाहेर चहाला घेऊन गेले. माळशिरस सोडेपर्यंत पोराचं ‘पानी’ परत आलं होतं, आणि आल्याआल्या त्यानं त्याच गृहस्थांना “काका, पाण्णी घेता का?” म्हणत ण असा काही दाबला की ते ठसकले.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. मुक्ताबाईंची खानदेशातून, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वराहून, एकनाथांची पैठणहून. पाण्याच्या टँकरपाशी धुळ्याकडची एक बाई आपल्या नातवावर ओरडत होती, “काय करी ऱ्हायना रे?” काकूंनी मामांचा दंडच धरला. “ऐकलं का? तिकडं बी राहूनच राहिले! आता बोला.”

“दोघी मिळून राहा मग,” मामा म्हणाले, “आमी पुढं जाऊलालो. पांडुरंगाला आमचंच कळतंय.”

“कसं कळन?” काकूंनी हंडा खाली ठेवला. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्यातलं. तिथूनही पालखी येते. “पांडुरंग आमचा जवाई हाये जी. सासुरवाडीची बोली नाही समजली, तर घरात जेवाले भेटन का त्याले?”

मामांनी हंडा उचलला आणि निमूट पालाकडं निघाले.