नाव राहून गेलं

मंगळवार, रात्र

आपण केलेलं काम दुसऱ्याच्या तोंडून 'मी केलं' म्हणून ऐकू आलं, की पहिल्या तासाभरात जे करावंसं वाटतं ते न केलेलंच बरं. भर बैठकीत मध्ये बोलावंसं वाटतं, नाहीतर जागेवर येऊन थेट साहेबांना मेल ठोकावासा वाटतो. दोन्हींत मुद्दा कामाचा राहत नाही, माणसाचा होतो. दुसरी वाट 'जाऊ दे'ची. त्यात दोन महिने कुढायचं आणि मग भलत्याच कारणावरून भडका उडतो. समोरच्याला तर कळतही नाही की मूळ दुखणं कुठलं.

मला योग्य वाटतो तो दुसरा दिवस. रात्र मध्ये गेल्यामुळे आवाज खाली येतो आणि दुरुस्तीची दारं अजून उघडी असतात. बैठकीचं इतिवृत्त मंजूर व्हायचं असतं, कौतुकाच्या मेलवर उत्तरं येतच असतात, सादरीकरणाची फाइल पुढे कुणाकुणाकडे जायची असते. आठवडा उलटला की तेच काम दहा ठिकाणी चुकीच्या नावाने पोचलेलं असतं आणि मग दुरुस्ती मागणं हे उगाच उकरून काढल्यासारखं दिसतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक प्रसंग धरते. ग्राहकांच्या तक्रारींवर २२ स्लाइडचं सादरीकरण आहे. तीन महिन्यांतल्या ६४० तक्रारी तुम्ही एकेक वाचल्या, त्यांचे नऊ प्रकार पाडले, तक्ता केला आणि त्यातून निघालं की सर्वांत जास्त तक्रारी उशिराच्या नाहीत, उशीर होणार हे न कळवल्याच्या आहेत. स्लाइड ६ ते १४ हे सगळं तुमचं. सुरुवातीची पार्श्वभूमी आणि शेवटचे उपाय सहकाऱ्याचे. बैठकीत बोलला तो. "मी तक्रारी वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं," असं म्हणाला. पहिल्या स्लाइडवर त्याचं एकट्याचं नाव. संध्याकाळी विभागप्रमुखांचा मेल, त्याच्या नावाने: विश्लेषण उत्तम.

इथे आधी बसून तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात: माझं नक्की काय, त्याचं नक्की काय आणि दोघांचं मिळून काय. 'सगळं मीच केलं' हे वाक्य जवळजवळ कधीच पूर्ण खरं नसतं, आणि समोरचा नेमकं तेवढंच पकडतो. उपायांच्या स्लाइड त्याच्या आहेत हे तुम्ही आधीच म्हणून टाकलंत, तर त्याच्याकडे पकडायला काही उरत नाही. केवळ बोलता बोलता सुचवलेली कल्पना आणि बसून केलेलं काम यांतही फरक ठेवावा. जेवताना टाकलेल्या एका वाक्यावर हक्क सांगायला गेलं तर नऊ प्रकारांच्या तक्त्यावरचा हक्कही लोकांना तसाच वाटायला लागतो.

मग पुरावा. तो समोरच्याच्या तोंडावर फेकायला नको, आपलं आपल्याला स्पष्ट असावं म्हणून हवा. तक्ता गूगल शीट्सवर असेल तर `File > Version history > See version history` इथे कुठला बदल कुणी कधी केला ते दिसतं. पण त्याने `Make a copy` करून घेतली असेल तर त्या नव्या प्रतीत जुना इतिहास येत नाही, मालक म्हणून त्याचंच नाव दिसतं. म्हणून बघायची ती आपली मूळ फाइल. सादरीकरणाच्या पॉवरपॉइंट फाइलमध्ये `File > Info` खाली `Author` आणि `Last Modified By` दिसतं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. तुमच्या स्लाइड उचलून त्याने स्वतःच्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवल्या असतील तर तिथे `Author` तोच असणार, आणि तो खोटेपणा नाही, ती फाइलची रीत आहे. सगळ्यांत बोलका पुरावा बहुतेकदा साधा असतो: 'तक्ता पाठवते आहे, नऊ प्रकार केलेत' असा तुमचाच जुना मेल. त्याची तारीख टिपून ठेवावी, बस्स. कार्यालयाच्या फाइली घाईघाईने स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नयेत. त्यात नियम मोडला तर उद्या चर्चा त्याचीच होते.

आता बोलणं. समोरासमोर, दोघंच, दार लावून किंवा निदान इतरांच्या कानाआड. चॅटवर नाही. चॅटवरचं 'जरा बोलायचं होतं' हेसुद्धा अर्धं भांडण वाटतं, म्हणून विषय सांगूनच वेळ मागावा: "कालच्या सादरीकरणातल्या नावांबद्दल दहा मिनिटं बोलायचंय, चारला जमेल?" एवढ्याने त्यालाही विचार करायला थोडा वेळ मिळतो, आणि कित्येकदा तो चारला येतो तोच मुळी "अरे हो, ते माझ्याही लक्षात आलं" म्हणत.

आपल्या भाषेतली एक गोष्ट इथे फार काम करते किंवा फार घोटाळा करते. ज्याला रोज 'तू' म्हणतो त्याला रागाच्या भरात 'तुम्ही' म्हटलं की ते आदराचं राहत नाही, दार लावल्यासारखं लागतं. ज्येष्ठाला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं तर विषयच संपला. रोजचं संबोधन आहे तेच ठेवायचं. दुसरं म्हणजे 'राहून गेलं'. "माझं नाव घातलं नाहीस" आणि "माझं नाव राहून गेलं" यांत गोष्ट एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात समोरच्याला मागे सरकायला जागा आहे. 'राहून गेलं' म्हणणं मला भित्रेपणाचं वाटत नाही. त्याच्या मनात काय होतं ते आपल्याला माहीत नाही, आणि दुरुस्तीसाठी ते माहीत असायची गरजही नाही.

बोलायचं तीन वाक्यांत. काय झालं, त्यातलं माझं काय, आणि आता काय हवं. उदाहरणार्थ: "काल बोलताना तक्रारी तू वाचल्यास असं आलं आणि पहिल्या स्लाइडवर फक्त तुझं नाव होतं. ६ ते १४ हा भाग आणि मागचा तक्ता माझा आहे, उपाय तुझे आहेत. साहेबांच्या त्याच मेलला सगळ्यांना उत्तर देऊन हे तू उद्या दुपारपर्यंत कळवावंस, आणि फाइल पुढे जायच्या आत पहिल्या स्लाइडवर दोन्ही नावं टाकावीस, एवढं हवंय." मग गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड. चार-पाच सेकंदांची शांतता सहन होत नाही म्हणून आपणच बोलून जातो, "म्हणजे तसं फार काही नाही, पण..." आणि मागणी तिथल्या तिथे अर्धी होते.

'का केलंस?' हा प्रश्न टाळावा. त्याला खरं उत्तर येत नाही, सबब येते, आणि मग पाव तास सबबीवर जातो. 'चोरलंस' हा शब्द तर मनातल्या मनातसुद्धा वापरू नये. मनात असला की ओठांवर येतो.

उत्तरं साधारण ठरलेली असतात. "लक्षातच आलं नाही" म्हणाला तर प्रश्न मिटला, वाद घालू नये. "अरे, आपण टीम आहोत, तुझं-माझं काय" हे जास्त निसरडं. यावर म्हणावं, "बरोबर, म्हणूनच दोन नावं." 'आपण' हा शब्द त्यानेच वापरलाय, स्लाइडवर मात्र 'मी' होतं, हे न चिडता दाखवता येतं. "पण मी त्यात बरेच बदल केले" म्हणाला तर कोणते ते खरंच विचारावं. रंग आणि आलेखाचा प्रकार बदलला असेल तर ते मांडणीचं काम आहे. एखादा प्रकार त्याने फोडून दोन केले असतील तर तो वाटा त्याचा, आणि तसं लिहायला हरकत नसावी. "पुढच्या वेळी नक्की टाकतो" हे मात्र गोड नकार असतं. पुढच्या वेळेचं ठीक आहे, पण मागितली होती ती या वेळची दुरुस्ती. तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हणावं: "पुढच्या वेळी तर हवंच, या मेलवरही हवं."

त्याला लिहायचं अवघड जात असेल तर मजकूर आपणच तयार ठेवावा. कागदावर नेलेल्या दोन ओळी अर्धं काम करतात:

'कालच्या सादरीकरणातलं तक्रारींचं वाचन, वर्गीकरण आणि तक्ता (स्लाइड ६ ते १४) यांनी केला आहे. उपायांचा भाग माझा. काल बोलताना हे नमूद करायचं राहून गेलं. नावं घातलेली फाइल सोबत जोडली आहे.'

'यांनी'च्या जागी नाव. यात माफी नाही, आरोप नाही, म्हणून पाठवायला हात अडत नाही. हा मजकूर त्यानेच पाठवायचा. तुम्ही पाठवलात तर ती तक्रार होते, त्याने पाठवला तर दुरुस्ती. आणि पाठवायचा तिथेच, जिथे चूक राहते आहे. कौतुक बारा जणांच्या मेलवर आलं असेल तर दुरुस्ती तुमच्या एकट्याच्या कानात चालत नाही. इतिवृत्तात चुकलं असेल तर ते लिहिणाऱ्याला मंजुरीआधी सांगावं लागतं, कारण सहा महिन्यांनी कुणी मागे वळून पाहिलं तर तेच वाचलं जातं.

बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी फक्त त्याला छोटा मेल: चारला बोललो, उद्या दुपारपर्यंत तू हे पाठवणार असं ठरलं, मजकूर खाली देते आहे. साहेबांना त्यात गुपचूप घालू नये. दुपार टळली तर एकदा आठवण. तीही गेली तर साहेबांकडे जाता येतं, पण जाणार आहे हे त्याला आधी सांगून, आणि तिथेही तेच तीन वाक्यांचं बोलणं, जुन्या मेलच्या तारखेसह. तेव्हाही मागणी शिक्षेची नसावी, नाव घालण्याचीच असावी.

हे सगळं बरोबरीच्या माणसापुरतं. साहेबांनीच तुमचं काम वर मांडलं असेल तर हिशेब वेगळा आहे. विभागाचं काम विभागप्रमुखाने मांडणं ही पुष्कळदा रीतच असते, आणि कामाची मालकीही बहुधा संस्थेची असते. तिथे नावाची दुरुस्ती मागण्यापेक्षा "पुढच्या वेळी हा भाग मी मांडू का?" असं विचारणं जास्त पदरात पाडून देतं.

दुरुस्तीचा मेल आला की त्यावर सगळ्यांना एक ओळ: "धन्यवाद. तक्त्याबद्दल काही विचारायचं असल्यास मला विचारा." 'अखेर' नाही, 'स्पष्ट केल्याबद्दल' नाही. आणि मूळ फाइलच्या तळाला, प्रत्येक स्लाइडवर, बारीक अक्षरात तक्ता कुणाचा आणि कुठल्या तारखेचा ते आजच टाकून ठेवायचं. चिकटवताना ते पुसावं लागतं, आणि पुसताना माणूस क्षणभर थांबतो.