काळ्या कापडावरची वेल: रेघ गेली, पण राखाडी छाया राहिली

मागच्या नोंदीत अर्धवट दिसलेली काळ्या कॉटन पॉपलिनवरची वेल पूर्ण झाली. चिकटणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या फिल्मवर डिझाइन काढलं होतं. भरतकाम संपलं, फिल्म पाण्यात गेली, एकही रेघ उरली नाही. कापड ओलं होतं तोवर सगळं अगदी हवं तसं होतं. वाळलं आणि मोठ्या पाकळ्यांच्या कडेने राखाडी छाया उमटली. समोरून फारशी कळत नाही, पण कापड खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं की पाकळ्यांभोवती धुरकट पट्टा लगेच दिसतो.

त्यामुळे ही नोंद जवळजवळ पूर्ण त्या छायेवर आहे. देठांचं, कळ्यांचं कौतुक पुढच्या वेळी.

आधी एक गोष्ट, जी मला या प्रकरणात नीट उमगली. गडद कापड ओलं असताना तपासण्यात काही अर्थ नाही. धाग्यांमधल्या बारीक फटींत पाणी भरलं की उजेड कमी विखुरतो आणि कापड आहे त्याहून काळं दिसतं. खडूची धूळ, फिल्मचा थर, घासून उठलेले तंतू, सगळंच त्या काळेपणात लपतं. म्हणून धुतल्या धुतल्या ‘डाग गेला’ असं वाटतं आणि वाळल्यावर तो परत आल्यासारखा भासतो. तो गेलेलाच नसतो. मी आता पूर्ण वाळलेलं कापड, बाजूने येणाऱ्या उजेडात, थोडं फिरवत बघते. डोक्यावरच्या दिव्याखाली बघणं पुरेसं नाही.

या छायेसाठी माझे तीन संशयित होते: फिल्मचा उरलेला अंश, फिल्मवर रेघ काढलेला पेन आणि फिल्म सोडवताना दात घासायच्या मऊ ब्रशने केलेली घासाघास. ज्या थानातून हे कापड कापलं त्याचाच तुकडा होता. त्याचे चार भाग केले. एका भागावर नुसती फिल्म, पेन नाही, आणि त्यावर लांब-आखूड टाक्यांची पाकळी. दुसऱ्यावर फिल्म, पेन आणि तशीच पाकळी. तिसऱ्यावर काहीच न लावता फक्त ओला करून ब्रश फिरवला. चौथा नुसता भिजवून वाळवला. चौथा स्वच्छ निघाला, म्हणजे पाणी निर्दोष. पहिल्या दोन्ही भागांवर सारखीच छाया, म्हणजे पेनही सुटला. पण तिसऱ्यावरही फिकट धुरकटपणा होता, आणि तो पाहून मी थोडी गारच पडले. घासल्याने पॉपलिनचे वरचे तंतू उभे राहतात आणि त्यांच्या टोकांचा रंगही जरा उडतो. म्हणजे छाया दोन प्रकारची होती, आणि त्यातली एकच पाण्याने जाणारी.

दोन्हींतला फरक वाळलेल्या कापडावर बोटाने कळतो. फिल्मचा अंश असलेली जागा किंचित कडक लागते, घडी घातली तर तिथे कागदासारखी मोडते, आणि ओल्या बोटाने चोळली की बुळबुळीत होते. घासलेली जागा उलट मऊ, लवदार लागते. भिंगाखाली बघितलं तर उभे तंतू दिसतातही.

ही फिल्म म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. ती नाहीशी होत नाही, पाण्यात उतरते, हा मुद्दा सहज नजरेआड होतो. भांड्यात पाणी कमी असलं की ते विरघळलेल्या फिल्मने दाट होतं, कापड तेच पाणी पिऊन बसतं आणि वाळताना पाणी उडून थर मागे राहतो. पांढऱ्या कापडावरही असंच होत असणार, तिथे फक्त कोणी बघत नाही. त्यात भरीव टाक्यांखाली फिल्म दाबलेली असते. पाणी तिथे हळू पोचतं आणि चिकट द्रव काठांवर येऊन साचतो. माझ्या वेलीवर छाया देठांना नव्हती, फक्त भरलेल्या पाकळ्यांना होती, त्याचं कारण हेच.

उपाय साधा निघाला, फक्त वेळखाऊ. मोठ्या टबात भरपूर पाणी, कापड भरतकामाची बाजू खाली करून तरंगत ठेवायचं, म्हणजे सुटलेला अंश खाली जातो, टाक्यांवर बसत नाही. घासायचं नाही, फक्त अधूनमधून हाताने पाणी हलवायचं. अर्ध्या तासाने पाणी पूर्ण बदलायचं, आणि दोन बोटांत कापड धरल्यावर बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत हेच चालू ठेवायचं. शेवटचं पाणी वाहतं असावं. नंतर पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं.

कोमट पाण्यात हे काम भराभर होतं, पण इथे काळ्या कापडाची दुसरी अडचण आडवी येते. गरम पाणी आणि लांब भिजवणं या दोन्हींनी रंग सुटायची शक्यता वाढते, आणि वेलीतल्या फुलांचा दोरा पांढरा आहे. म्हणून आधी कापडाच्या कोपऱ्याला ओला पांढरा कपडा दाबून धरला. त्यावर काही उतरलं नाही, तेव्हाच कोमट पाणी घेतलं. उतरलं असतं तर थंड पाण्यावरच राहिले असते, कितीही वेळ लागो. आणि पांढऱ्या दोऱ्यात रंग शिरलेला दिसला तर कापड वाळू द्यायचं नाही, लगेच पुन्हा थंड पाण्यात.

फिल्म पूर्ण निघाल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री बंद. उष्णतेने हे रसायन आणखी घट्ट बांधलं जातं आणि मग पाण्याला दाद देत नाही. इस्त्री न फिरवल्यामुळेच माझी छाया धुऊन निघाली. आता उरल्यात त्या घासलेल्या दोन छोट्या जागा. तिथले उभे तंतू बारीक कात्रीने टिपून काढले आणि मागून वाफ दिली. बऱ्याच दबल्यात. पूर्ण जाणार नाहीत, हे मान्य.

फिल्मबद्दल एक कुरकुर. ज्या रोलवर ती गार पाण्यात विरघळते की कोमट पाण्यात, हे छापलेलं नाही तो रोल मी यापुढे घेणार नाही. या वस्तूची तीच पहिली माहिती असायला हवी.

उष्णतेने पुसणाऱ्या पेनबद्दल मागे विचारणा झाली होती. गडद कापडासाठी माझ्याकडून नाही. इस्त्रीने शाईचा रंग जातो, शाई जात नाही. ती तंतूंत बसून राहते, आणि काळ्यावर बऱ्याचदा तिचीच फिकट रेघ दिसत राहते. शिवाय कडक थंडीत रंग परत येऊ शकतो. पांढरा कार्बन घेणार असाल तर मेणाचा नको, खडूचा घ्या. मेण इस्त्रीने वितळून कापडात मुरतं. पाण्याने जाणारा पांढरा पेन मला आवडतो. लिहिताना रेघ दिसत नाही, थोड्या वेळाने वाळली की उमटते, त्यामुळे आपण तीच रेघ दोनदा काढतो आणि ती जाड होते. थांबायचा संयम असेल तर छोट्या खुणांसाठी याहून चांगलं काही नाही. मोठ्या डिझाइनला मात्र तो रिंगेतल्या हाताळणीत पुसत जातो.

पुढची वेल गडद निळ्या कापडावर आहे. तिच्यासाठी कापडाला काहीच लावायचं नाही, कच्च्या दोऱ्याने डिझाइन उतरवायचं, असं ठरवलं होतं. पातळ ट्रेसिंग पेपरवर डिझाइन काढायचं, कापडावर टाचायचं, रेघांवरून धावदोरा घालायचा आणि कागद फाडून काढायचा. सरळ भागात टाके साधारण पाच मिलिमीटरचे, वळणावर दोन-तीनचे, नाहीतर वळण कोपऱ्यासारखं दिसतं. फाडण्याआधी बोथट सुईने रेघेवरून कागदावर ओरखडा ओढला की तो टाके न ओढता सुटतो. दोरा फिकट पिवळा, गुळगुळीत पॉलिएस्टरचा. पांढरा सुती कच्चा दोरा गडद कापडावर बारीक लव सोडतो, आणि मग तीच वेचत बसावं लागतं. शिवाय भरतकाम करताना सुई कच्च्या दोऱ्यातून आरपार गेली की तो अडकतो. म्हणून सुई त्याच्या बाजूने घालायची आणि पुढचा दोन-तीन सेंटिमीटर कच्चा दोरा कापून चिमट्याने आधीच काढत जायचं.

नमुन्याच्या तुकड्यावर हे करून पाहिलं. पानांपर्यंत छान चाललं. बारीक तणाव्यांपाशी मात्र कागदाचे कपटे टाक्यांत अडकले, आणि ओले केल्यावर त्यांचा लगदा झाला. गडद कापडावर पुन्हा पांढरं काहीतरी! कपटे वेचताना सुचलं, की कागद पुढच्या बाजूला हवाच कशाला?

या कापडाला मागे पातळ सुती अस्तर लावणारच आहे. डिझाइन त्या अस्तरावर काढायचं, आरशातलं म्हणजे उलटं, कडक पेन्सिलीने हलक्या हाताने. पेन नको, कारण भिजल्यावर शाई पुढे यायची. मग दोन्ही कापडं एकत्र टाचून अस्तराच्या बाजूने शिवायचं. आणि धावदोऱ्याऐवजी उलट टीप घातली तर तिची मागची बाजू देठ टाक्यासारखी सलग दिसते. आपण मागून शिवतोय, म्हणून ती सलग रेघ थेट पुढे येते! अस्तराचा एक छोटा तुकडा लगेच करून पाहिला. तणाव्याचं वळण कागदावर होतं तसंच्या तसं पुढे आलं, कापडाला एकही खूण न लावता. ट्रेसिंग पेपरचा बेत त्यामुळे बाजूला.

या पद्धतीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. उलट टीप धावदोऱ्यासारखी एका ओढीत निघत नाही, मागून दर दोन-तीन टाक्यांना कापावी लागते. म्हणून ती फक्त तणाव्यांना आणि पाकळ्यांच्या कडांना, मुख्य देठाला धावदोराच. दुसरं म्हणजे सुईची भोकं. कॉटनवर ती वाफेने आणि नखाने हलकं सरकवून मिटतात. सॅटिनवर किंवा दाट विणीच्या रेशमावर मिटतील असं धरून चालू नका, तिथे कच्चा दोरा फक्त अशा रेघांवर घाला ज्या भरतकामाखाली झाकल्या जाणार आहेत.

परागांच्या गाठींना शिवून खूण करणं मात्र अतिच होईल. तिथे पांढऱ्या पेनचा एकेक ठिपका पुरेल. या निळ्या कापडावर तो ठिपका लावून, धुऊन, वाळवून पाहिला आहे, तिरक्या उजेडातही काही उरलं नाही. आज मुख्य देठाचा धावदोरा घालून झालाय. उद्यापासून तणावे, डाव्या खालच्या कोपऱ्यातून.